‘बजेट फिक्स आहे’ म्हणजे नेमकं काय फिक्स आहे?

प्रिय मित्रा,

काल रात्रीचा तुझा मेसेज आज सकाळी वाचला. ऑफर आली, वाचून फार बरं वाटलं. तू वाढवून मागितलंस, रिक्रूटर म्हणाली, “सॉरी, या पोझिशनचं बजेट फिक्स आहे,” आणि तू “ठीक आहे, विचार करून सांगतो” म्हणून फोन ठेवलास. आता शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय आणि तू विचारतोयस, पुन्हा विषय काढू की नको? काढ. मात्र “थोडं तरी बघा ना” एवढ्यावर काढू नकोस. तिच्या त्या वाक्यात नेमकं काय फिक्स आहे, हे आधी विचारून घे. मागायचं काय, ते त्या उत्तरावर ठरतं.

मी आठ वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होते, हे तुला माहीत आहे. तिथे ऑफर कशी तयार होते ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. रिक्रूटर आपल्या मनाने आकडा ठरवत नाही. ती एक मंजुरीची नोट भरते. त्यात उमेदवाराची लेव्हल असते, त्या लेव्हलचा बँड असतो, म्हणजे कमीत कमी आणि जास्तीत जास्त पगार. मग आपण देऊ केलेला मूळ पगार, टीममधल्या त्याच लेव्हलच्या लोकांना सध्या मिळणारे पगार, एकरकमी काही द्यायचं असेल तर तो रकाना, आणि सगळ्यात खाली ‘कारण’. ही नोट तुझ्या होणाऱ्या मॅनेजरकडे जाते, मग पगाराचं गणित सांभाळणाऱ्या एचआरकडे, कधी फायनान्सकडे. सगळ्यांचा होकार आला की ऑफर तुझ्या हातात पडते.

याचा अर्थ, तुला आकडा कळला तेव्हा त्यावर तीन-चार जणांची संमती होऊन गेलेली होती. तो वाढवायचा तर तिला तीच नोट पुन्हा पाठवावी लागणार आणि ‘कारण’ या रकान्यात काहीतरी लिहावं लागणार. “उमेदवाराला जास्त हवेत” हे कारण तिथे चालत नाही. ते सगळ्यांनाच हवे असतात. माझ्या टेबलावर अशा नोटा परत यायच्या आणि मी ज्या परत पाठवल्या त्यांत बहुतेक वेळा आकड्याची तक्रार नव्हती, कारणाचा रकाना रिकामा होता. म्हणून तुझं काम तिच्याशी भांडणं हे नाहीच. तिने त्या रकान्यात जसंच्या तसं उतरवावं असं एक वाक्य तिच्या हातात देणं, हे तुझं काम आहे.

आता ‘फिक्स’ या शब्दाकडे येऊ. त्यामागे वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिली म्हणजे बँडची वरची मर्यादा. तुझी ऑफर त्या लेव्हलच्या टोकाला टेकलेली असेल तर मूळ पगार खरोखरच हलत नाही. दुसरी, टीममधली बरोबरी. बँडमध्ये जागा असते, पण दोन-तीन वर्षं तिथेच काम करणाऱ्या माणसापेक्षा तुला जास्त दिलं तर उद्या तो दारात उभा राहील, ही भीती असते. तिसरी, त्या जागेसाठी या आर्थिक वर्षापुरती मंजूर झालेली रक्कम. ती संपते, पण पुढच्या वर्षी नवी येते. आणि चौथी, काहीच फिक्स नसणं. पहिल्या मागणीला द्यायचं ठरलेलं उत्तर म्हणून हे वाक्य बोललं जातं, कारण ते ऐकून बरेच जण गप्प बसतात. तिचा हेतू वाईट असतो असं नाही. तिच्या हातात आणखी वीस जागा असतात आणि प्रत्येक ऑफर लवकर बंद व्हावी, हे तिच्या कामाच्या मोजमापातच असतं.

या चारांपैकी कोणतं, हे तिलाच विचारायचं. फोनवर, शांतपणे, आणि विचारून झाल्यावर तिचं उत्तर पूर्ण होईपर्यंत न बोलता. मी तुझ्या जागी असते तर असं म्हटलं असतं: “बजेटची अडचण मला समजते. मला फक्त एक नीट समजून घ्यायचंय. हे बजेट मूळ पगारापुरतं फिक्स आहे की सगळ्या पॅकेजचं? आणि या लेव्हलच्या बँडमध्ये माझी ऑफर साधारण कुठे बसते?”

उत्तरातून कळतं. “तुम्ही या लेव्हलच्या सगळ्यात वरच्या आकड्याला आहात,” असं ती लगेच आणि ठामपणे म्हणाली तर पहिलं कारण. “टीममध्ये पॅरिटी बघावी लागते,” म्हणाली तर दुसरं. “या वर्षी एवढंच मंजूर आहे,” म्हणाली तर तिसरं. आणि “तसं पॉलिसीच आहे आमचं,” असं म्हणून ती घोळवायला लागली, किंवा उलट तुलाच “तुमची अपेक्षा नेमकी किती आहे?” असं विचारलं, तर दार अजून बंद झालेलं नाही असं खुशाल समज. ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही, तो सहसा अपेक्षा विचारत नाही.

बँड सांगायला तिने नकार दिला तरी थोडा अंदाज घेता येतो. काही ठिकाणी जाहिरातीतच पगाराची मर्यादा छापणं कायद्याने सक्तीचं आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात 2021 पासून, न्यूयॉर्क शहरात 2022 पासून. आणि युरोपियन युनियनने 2023 साली काढलेल्या निर्देशात उमेदवाराला मुलाखतीआधी पगाराची मर्यादा कळवण्याची तरतूद आहे. तुझ्या कंपनीची त्याच पदाची जाहिरात अशा एखाद्या ठिकाणची सापडली तर तिथला आकडा तुझ्या उपयोगाचा नाही, कारण जागा बदलली की बँडही बदलतो. पण खालच्या आणि वरच्या टोकातलं अंतर बघ. वरचं टोक खालच्याच्या दीडपट असेल तर तुझ्याकडचा बँडही साधारण तेवढाच रुंद असण्याची शक्यता आहे.

आता तुझ्या आकड्यांकडे येते. हे पत्र कुणाच्या हाती पडलं तरी अडचण नको, म्हणून तुझा सध्याचा वर्षाचा मूळ पगार 100 धरते आणि बाकी सगळं त्याच मापात लिहिते. ऑफर 112 ची आहे. तू 125 मागितलेस. तीन महिन्यांनी तुझ्या आताच्या कंपनीत वर्षाचा बोनस जमा होणार आहे, साधारण 9. त्याआधी राजीनामा दिलास तर तो बुडतो. नव्या कंपनीत 1 नोव्हेंबरला रुजू व्हायचंय. त्यांची पगारवाढ दर एप्रिलमध्ये होते.

125 का मागितलेस, असं मी तुला विचारलं तर तू काय सांगशील? मेसेजमध्ये तू लिहिलंस, “पंचवीस टक्के तरी वाढ हवी ना.” हे तुझ्या मनातलं गणित आहे, त्यांच्या कामाचं नाही. 125 सोडून दे. त्याऐवजी असा आकडा घे, ज्याच्यामागे तुला दोन वाक्यं सरळ बोलता येतील. तुला मुलाखतीत त्यांनी जुन्या सिस्टिमवरून नव्या सिस्टिमवर डेटा हलवण्याबद्दल तीन फेऱ्यांत विचारलं, आणि तू ते काम पूर्ण एकदा करून दाखवलेलं आहेस. जाहिरातीत ती अट ‘असल्यास उत्तम’ म्हणून होती, म्हणजे 112 चा आकडा ती नसलेल्या उमेदवारासाठी ठरला असण्याची शक्यता आहे. हे आहे तुझं कारण. आणि आकडा 118. गोल 120 मागण्यापेक्षा 118 बरा, कारण तो हिशेब करून आल्यासारखा वाटतो आणि समोरचा त्याचा हिशेब विचारतो. विचारला की तुझ्याकडे उत्तर आहे.

पण मूळ पगार हलला नाही तर? इथे बहुतेक जण थांबतात आणि खरं तर इथूनच बोलणं सुरू व्हायला हवं. नोटेतला मूळ पगाराचा रकाना आणि एकरकमी रकमेचा रकाना वेगळे असतात, आणि त्यांच्याकडे कंपनी फार वेगळ्या नजरेने बघते. मूळ पगारात 5 वाढवले की ते दरवर्षी द्यायचे, त्यावर पुढची प्रत्येक टक्केवारी चढते, टीममधल्या बरोबरीला धक्का लागतो. एकरकमी 9 दिले की विषय तिथेच संपला. पुढच्या वर्षीच्या खर्चात ते दिसत नाहीत आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी तुलनाही होत नाही. म्हणून पॅरिटीचं किंवा बँडचं कारण असेल तेव्हा जॉइनिंग बोनस मागणं त्यांनाही सोयीचं असतं. तुझ्याकडे तर त्याचं उत्तम कारण आहे: बुडणारा बोनस. “मला जास्त हवेत” आणि “इथे येण्यासाठी मी 9 सोडून येतोय, त्याची भरपाई व्हावी” या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं नोटेत जसंच्या तसं लिहिता येतं. त्यासाठी तुझ्या सध्याच्या कंपनीचं बोनसचं पत्र किंवा मागच्या वर्षीची स्लिप हाताशी ठेव. मागतील.

एक लक्षात ठेव, जॉइनिंग बोनस मूळ पगाराची जागा घेत नाही. मूळ पगार 5 ने जास्त असता आणि दरवर्षी 6 टक्के वाढ धरली, तर त्या फरकाचे पहिल्या वर्षी 5, दुसऱ्या वर्षी 5.3, तिसऱ्या वर्षी 5.6, म्हणजे तीन वर्षांत जवळजवळ 16 मिळतात. तिथे 9 एकदाच. त्यामुळे तिने आपणहून “मूळ पगार राहू दे, 5 चा बोनस देते” असं सुचवलं तर ती बरोबरीची अदलाबदल समजू नकोस.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी ऑफर लेटरमध्ये दिसत नाही. एप्रिलच्या पगारवाढीसाठी बहुतेक कंपन्यांत कटऑफ तारीख असते. समजा ती 30 सप्टेंबर आहे. त्या तारखेपर्यंत रुजू झालेल्यांनाच येत्या एप्रिलची वाढ. तू 1 नोव्हेंबरला येतोयस, म्हणजे येता एप्रिल तुझा नाही. त्याच्या पुढचा. मोजून बघ: सतरा महिने तू 112 वरच राहणार. हे कुणी लपवत नाही, पण कुणी सांगतही नाही, आणि पहिल्या एप्रिलमध्ये शेजारच्याला पत्र मिळतं तेव्हा नव्या माणसाला कळतं.

म्हणून दुसरी मागणी ही: येत्या एप्रिलमध्ये, जितके महिने काम केलं तितक्या प्रमाणात, मला धरा. समजा वर्षाची वाढ 8 टक्के आहे. पाच महिन्यांच्या प्रमाणात ती 3.3 टक्के होते आणि 112 चे 115.7 होतात. पुढच्या एप्रिलमध्ये पूर्ण 8 टक्के मिळून जवळजवळ 125. हीच सोय नसेल तर त्या वेळी तू 121 वर असशील. फरक 4 चा, आणि तो पुढे कायम. कंपनीला मात्र आज काहीच द्यावं लागत नाही. आजचं ‘फिक्स’ बजेट जिथल्या तिथे राहतं, खर्च पुढच्या आर्थिक वर्षात पडतो, पॅरिटी बिघडत नाही. वर सांगितलेल्या चार कारणांपैकी तिसरं कारण असेल, म्हणजे या वर्षाची रक्कमच संपलेली असेल, तर यासारखी मागणी नाही. गंमत म्हणजे ती फार कमी लोक करतात, त्यामुळे तिला नकार द्यायचं ठरलेलं वाक्यही अनेक रिक्रूटरांकडे तयार नसतं.

पण ही गोष्ट लेखी हवी. इथे मी माझी चूक सांगते, कारण ती मला महागात पडली. माझ्या दुसऱ्या नोकरीच्या वेळी असंच बजेट फिक्स होतं. माझे होणारे मॅनेजर फोनवर म्हणाले, “सहा महिन्यांनी आपण तुमचा पगार रिव्ह्यू करू, माझा शब्द आहे.” माणूस सरळ होता, मी विश्वास ठेवला, आणि तो विश्वास चुकीचाही नव्हता. चौथ्या महिन्यात त्यांची दुसऱ्या विभागात बदली झाली. सहाव्या महिन्यात मी नव्या मॅनेजरांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, “मला याबद्दल काही माहिती नाही, फाइलमध्ये काही आहे का?” फाइलमध्ये काही नव्हतं. कुणी फसवलं नव्हतं, पण माझ्या हातात सांगायलाही काही नव्हतं. पुढच्या पगारवाढीपर्यंत मी त्याच आकड्यावर काम केलं.

तेव्हा ‘रिव्ह्यू होईल’ एवढंही पुरत नाही. रिव्ह्यू होतो आणि वाढ शून्य मिळते, असंही घडतं. ऑफर लेटरमध्ये किंवा निदान कंपनीच्या अधिकृत मेलवरून आलेल्या उत्तरात तीन गोष्टी असाव्यात: कोणत्या महिन्यात, मूळ पगाराची वाढ, आणि कोणत्या हिशेबाने. “उमेदवार एप्रिलच्या वार्षिक पगारवाढीस काम केलेल्या महिन्यांच्या प्रमाणात पात्र राहील,” एवढं वाक्य पुरतं.

आता फोनवर काय बोलायचं. आधी मेल करू नकोस. मेलला नकाराचं उत्तर द्यायला दोन ओळी लागतात. आधी फोन, मग लगेच मेल. आणि सगळं एका दमात मांड. आज पगार, उद्या बोनस, परवा एप्रिल, असं तुकड्या-तुकड्याने मागितलंस तर तिला तीच नोट तीनदा पाठवावी लागेल आणि दुसऱ्या वेळेलाच मॅनेजर विचारील, “याचं नक्की काय चाललंय?” ऑफर मागे घेतल्या गेलेल्या मी पाहिल्यात. फार नाहीत, पण ज्या पाहिल्या त्यांत सभ्यपणे एकदा मागणारा माणूस एकही नव्हता. दर दोन दिवसांनी नवी अट आणणारे होते, आणि एक जण होकार देऊन झाल्यावर पुन्हा आकडा बदलायला आला होता.

साधारण असं बोल: “मला ही नोकरी करायची आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. डेटा हलवण्याचं काम मी पूर्ण केलेलं आहे आणि मुलाखतीत त्यावरच सगळ्यात जास्त बोलणं झालं. ते धरून मूळ पगार 118 करता येईल का, हे माझं पहिलं विचारणं. मूळ पगार खरंच हलत नसेल तर दोन गोष्टी बघा. मी इथे येताना 9 चा बोनस सोडतोय, तो जॉइनिंग बोनस म्हणून भरून मिळावा. आणि येत्या एप्रिलच्या वाढीत मला पाच महिन्यांच्या प्रमाणात धरावं. यातलं एक, म्हणजे 118 किंवा या दोन्ही गोष्टी झाल्या, तर मी त्याच दिवशी सही करतो.”

शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. तिला मॅनेजरकडे जाऊन “आणखी मागतोय” असं सांगावं लागत नाही. “एवढं केलं तर आज विषय संपतो” असं सांगता येतं, आणि मॅनेजरलाही नेमकं तेच हवं असतं. पण मनात नसेल तर ते वाक्य उच्चारू नकोस. ते झालं आणि तू आणखी दोन दिवस मागितलेस तर तुझ्या पुढच्या कुठल्याही शब्दाला किंमत राहणार नाही.

बोलून झालं की थांब. ती गप्प राहील. त्या शांततेत “म्हणजे 115 पण चालतील” असं तोंडातून निसटतं. तुझ्या बाबतीत हीच काळजी मला सर्वांत जास्त आहे, कारण तुला शांतता सहन होत नाही. समोर वही ठेव, पेन हातात घे, ती बोलेपर्यंत तिचं आधीचं वाक्य लिहीत बस. “मी विचारून सांगते,” एवढं ती म्हणाली तरी पुढे सरकलं असं समज आणि अर्ध्या तासाच्या आत तेच सगळं चार ओळींच्या मेलमध्ये पाठव. ती बहुधा त्यातल्याच ओळी उचलून नोटेत टाकील. म्हणून मेलमध्ये नाराजी नको, आभार एकदाच, आकडे स्पष्ट.

दुसऱ्या कंपनीची ऑफर आहे असं खोटं सांगू नकोस. “पत्र दाखवाल का?” एवढा एकच प्रश्न येतो आणि सगळं तिथे कोसळतं. तुझ्या सध्याच्या पगाराबद्दलही तेच. स्लिपा तपासल्या जातात. भाडं वाढलंय, कर्जाचा हप्ता आहे, हेही सांगायचं नाही. ते खरं असलं तरी ‘कारण’ या रकान्यात ते कुणालाच लिहिता येत नाही.

त्यांच्याकडून उलट प्रस्ताव येईल तो नीट वाच. पॅकेज 118 झालंय असं सांगतील आणि उघडून बघितलं तर मूळ पगार 112 च, वर 6 व्हेरिएबल. तेव्हा विचार की मागच्या दोन-तीन वर्षांत या टीमला ठरलेल्या व्हेरिएबलच्या किती टक्के रक्कम प्रत्यक्ष मिळाली, आणि पहिल्या वर्षी मी त्याला पात्र आहे का. उत्तर गोलमोल आलं तर माझ्या हिशेबात मी त्या 6 चे 3 धरीन. शेअर देऊ केले तर किती वर्षांत ते तुझ्या नावावर होतात आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर काय, हे विचार. चार वर्षांत थोडे-थोडे आणि पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच नाही, ही रीत बऱ्याच ठिकाणी असते. मोठं पदनाम देऊ केलं तर त्याबरोबर लेव्हल बदलते का ते बघ. नुसतं कार्डावरचं नाव बदलत असेल तर बँड तोच राहतो आणि पुढची बढती मात्र लांबते.

जॉइनिंग बोनस मिळाला तर परतफेडीचं कलम असणारच, त्याला क्लॉबॅक म्हणतात. त्यात मुदत बारा महिन्यांची आहे की चोवीस, ते बघ. मुदतीआधी सोडल्यास पूर्ण रक्कम परत करायची की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात? प्रमाणात असावी, असं माग. हे बदलायला त्यांना फारसं काही लागत नाही. कर कापून तुझ्या हातात 6 आले असतील आणि परत 9 मागत असतील तर आधी बोलून घे. आणि कंपनीनेच तुला काढलं तर परतफेड नाही, हे स्पष्ट लिहिलेलं असावं. माझ्या ओळखीच्या एका मुलीला अकराव्या महिन्यात घरच्या आजारपणामुळे नोकरी सोडावी लागली. पूर्ण रक्कम परत करायचं कलम होतं. एक महिना राहिला होता, पण सगळेच पैसे भरावे लागले. सही करताना तिने ते पान वाचलं होतं, पण आपल्यावर अशी वेळ येईल असं तिला वाटलं नव्हतं.

एका परिस्थितीत मात्र हे सगळं लागू पडत नाही. सरकारी वेतनश्रेणी असेल, युनियनच्या करारातला पगार असेल, किंवा शिक्षण संपताच एकाच तुकडीत पन्नास जणांना एकाच आकड्यावर घेतलं असेल, तर ‘फिक्स’ म्हणजे फिक्सच. तिथे एकच विचारायचं असतं: श्रेणीतली सुरुवातीची पायरी कोणती धरली, आणि माझ्या अनुभवाची वर्षं त्यात मोजली का. तुझी जागा तशी नाही.

आणि सगळं करून ती म्हणाली, “नाही, 112, दुसरं काहीच नाही,” तर? ते शक्य आहे. म्हणून फोन लावण्याच्या आधी, आज रात्रीच, वहीत एक आकडा लिहून ठेव, ज्याच्या खाली तू जाणार नाहीस. तुझ्यासाठी मी तो असा काढीन: 112 मधून या वर्षी बुडणारे 9 वजा केले तर पहिल्या वर्षी हातात 103 उरतात, आणि सतरा महिने वाढ नाही. तिथलं काम तुला आताच्या कामापेक्षा एवढ्या फरकासाठी घ्यावंसं वाटतं का? हो असेल तर हो म्हण आणि तो विषय मनातून काढून टाक. रुजू झाल्यावर सहा महिने “मला कमी दिले” असं घोळवत बसू नकोस. नाही असेल तर रुजू होण्याची तारीख बोनस जमा झाल्यानंतरची मिळते का, हे एकदा विचार. त्यांना एवढी घाई नसेल तर 9 तुला जुन्या कंपनीकडूनच मिळतात आणि नव्यांचा छदामही खर्च होत नाही. अर्थात तारीख पुढे गेली की एप्रिलच्या प्रमाणातला हिस्साही कमी होतो, तो धरून मोज.

सुधारित ऑफर लेटर हातात येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही. “लेटर येतंय, तुम्ही नोटीस द्यायला सुरुवात करा,” असं ती म्हणेल. प्रेमाने म्हणेल. तरी नाही. राजीनामा गेला की तुझ्या हातात काहीच उरत नाही, आणि नोटवर कुणाची तरी सही राहिली होती हे त्यानंतर कळतं. राजीनामा दिल्यावर तुझी आताची कंपनी पगार वाढवून थांब म्हणेल, त्याचं काय करायचं तेही आधीच ठरवून ठेव. माझं मत विचारशील तर, आज जो पगार ते द्यायला तयार आहेत तो काल का दिला नाही, याचं उत्तर मिळाल्याशिवाय थांबू नये.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास फोन कर. शुक्रवारची मुदत आहे, म्हणजे नोट फिरवायला तिच्याकडे पूर्ण दोन दिवस राहतील. शुक्रवारी दुपारी केलास तर इच्छा असूनही तिला सह्या मिळणार नाहीत. त्याआधी मंगळवारी रात्री मला फोन लाव. मी रिक्रूटर बनते आणि “बजेट फिक्स आहे” म्हणते, तू तुझी वाक्यं मोठ्याने बोल. दोनदा करू. आणि नवं लेटर आलं की क्लॉबॅकचं कलम आणि एप्रिलचं वाक्य, एवढी दोन पानं मला पाठव. सही त्यानंतर.

तुझी,
ताई